चाळीस अक्षरांची चिनी कविता कशी रचावी

चिनी भाषा शिकणाऱ्यांपैकी अनेकांना कधीतरी वाटते, आपणही थांगकाळातल्यासारखी एखादी कविता लिहून पाहावी. ते मुक्तपणे चार ओळी लिहितात, एखाद्या चिनी मित्राला दाखवतात, आणि तो आदराने म्हणतो, ‘अर्थ छान आहे, पण ही ल्युशर नाही.’ ल्युशर म्हणजे नियमांत बांधलेली आठ ओळींची कविता. थांग राजवटीत (इ. स. ६१८ ते ९०७) शन छ्वेनछी आणि सुंग जरवन या दोन कवींच्या हातून तिचे नियम पक्के झाले, आणि दू फूने (७१२ ते ७७०) तिच्यातून काय काय साधता येते ते दाखवले. या लेखात आपण तिचा सर्वांत लहान प्रकार, म्हणजे पाच अक्षरी ओळींचा, पायरीपायरीने रचून पाहू. आठ ओळी, चाळीस अक्षरे. सात अक्षरी ओळींचा प्रकारही आहे; त्यात याच ओळींच्या सुरुवातीला दोन अक्षरे जोडली जातात, म्हणून पाच अक्षरी आधी जमली की सात अक्षरी अवघड राहत नाही.

चिनीत प्रत्येक लिपिचिन्ह एका उच्चारघटकाचे असते, त्यामुळे ‘अक्षर’ हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो. आजच्या मँडरिनमध्ये असे चार सूर आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली बुडणारा, चौथा झटकन उतरणारा. ल्युशर रचताना या चारांचे दोनच गट करतात. पहिला आणि दुसरा मिळून ‘पिंग’, म्हणजे सपाट. तिसरा आणि चौथा मिळून ‘ज़’, म्हणजे कललेला, वाकडा. पुढे आपण सपाटासाठी ‘स’ आणि वाकड्यासाठी ‘व’ लिहू.

मराठी वाचकाला इथे लघु-गुरू आठवणारच, आणि ते आठवणे चुकीचे नाही. व्हिक्टर मेअर आणि मेइ त्सूलिन या दोन अभ्यासकांनी १९९१ साली असे मांडले, की पाचव्या-सहाव्या शतकात बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत छंदःशास्त्राची ओळख झाल्यामुळे चिनी कवींना आपल्या सुरांची अशी दोन गटांत वाटणी सुचली. सगळे विद्वान हे मान्य करत नाहीत. पण वृत्तात लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला ल्युशर लवकर कळते, एवढे खरे. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. भुजंगप्रयातात चारही चरणांचा साचा एकच असतो. ल्युशरमध्ये शेजारच्या दोन ओळींचा साचा कधीच एक नसतो. दुसरी ओळ पहिलीला सुरासुराने उलटे उत्तर देते.

पुस्तकांत या साच्यांचे तक्ते दिलेले असतात आणि नवशिके ते घोकतात. माझे मत विचाराल तर घोकू नका. पहिली ओळ ठरली की उरलेल्या सात ओळी दोन नियमांनी आपोआप निघतात.

पहिल्या ओळीचा सर्वांत प्रचलित साचा असा: व व स स व. दोन वाकडी, दोन सपाट, एक वाकडे. आता पहिला नियम: जोडीतली दुसरी ओळ पहिलीच्या उलट. म्हणून दुसरी ओळ स स व व स. तिसरी ओळ कशी काढायची? दुसरा नियम म्हणतो, नव्या जोडीची पहिली ओळ मागच्या ओळीला ‘चिकटली’ पाहिजे, म्हणजे दोघींचे दुसरे अक्षर एकाच गटातले हवे. दुसऱ्या ओळीचे दुसरे अक्षर सपाट आहे, तेव्हा तिसरीची सुरुवात स स अशी. पण यमक फक्त सम ओळींना असते आणि ते सपाट अक्षराचे असते, म्हणून विषम ओळीचा शेवट वाकडा हवा. सुरुवात स स आणि शेवट व म्हटल्यावर ओळ होते स स स व व. चौथी तिच्या उलट: व व व स स. पाचवी ओळ चौथीला चिकटवा, तिचा शेवट वाकडा ठेवा, की पुन्हा व व स स व येते. म्हणजे पहिल्या चार ओळींचा साचा पुढच्या चारांत जसाच्या तसा परततो. (पहिल्या ओळीलाही यमक घेणारा आणि पहिली ओळ सपाट अक्षरांनी सुरू करणारा, असे आणखी साचे आहेत. तेही याच दोन नियमांनी निघतात.)

‘चिकटणे’ हा नियम कशासाठी, असे कुणी विचारेल. तो नसता तर तिसरी ओळ पहिलीसारखीच झाली असती आणि एकच जोडी चार वेळा वाजत राहिली असती. जोडीच्या आत विरोध आणि जोड्यांच्या मध्ये सांधा, यामुळे ऐकणाऱ्याला कविता पुढे सरकताना जाणवते.

प्रत्येक जागा सारखी कडक नसते. दुसरे, चौथे आणि शेवटचे अक्षर पक्के. पहिले आणि तिसरे बरेचदा सैल सोडता येते, पण दोन ठिकाणी सैलपणा महागात पडतो, आणि ते प्रत्यक्ष ओळीवर पाहिलेले बरे.

आता समांतर ओळींकडे वळू. आठ ओळींच्या चार जोड्या होतात आणि चिनी परंपरेत त्यांना शरीराची नावे आहेत: डोके, हनुवटी, मान, शेपूट. डोके आणि शेपूट यांना मोकळीक असते. हनुवटी आणि मान, म्हणजे तिसरी-चौथी आणि पाचवी-सहावी ओळ, मात्र समांतर असावीच लागतात. समांतर म्हणजे वरच्या ओळीतल्या पहिल्या अक्षरासमोर खालच्या ओळीतले पहिले अक्षर त्याच जातीचे, दुसऱ्यासमोर दुसरे त्याच जातीचे, असे पाचही ठिकाणी. नामाखाली नाम, क्रियापदाखाली क्रियापद, दिशेखाली दिशा, रंगाखाली रंग, संख्येखाली संख्या. सूर मात्र उलट. व्याकरण जुळायचे आणि सूर विरोधात जायचे, असे दोन्ही एकाच वेळी साधायचे असते. दू फूच्या ‘उंचावर चढताना’ या प्रसिद्ध कवितेत तर चारही जोड्या समांतर आहेत, पण आपण दोनच सांभाळू.

रचायला बसताना पहिल्या ओळीपासून सुरुवात करू नका. आधी यमक ठरवा. सम ओळी चार, म्हणजे एकाच यमकाची चार सपाट अक्षरे लागतात. जुन्या यमककोशात, ज्याला पिंगश्वेइ म्हणतात, १०६ यमकगट आहेत आणि त्यातले ३० सपाट सुराचे. मी त्यातला ‘शान’ (डोंगर) ज्यात येतो तो गट घेतला आणि चार शब्द निवडले: शान म्हणजे डोंगर, श्येन म्हणजे निवांत, ह्वान म्हणजे परतणे, ज्येन म्हणजे मध्ये. मराठी कानाला शान आणि श्येन यांचे यमक थोडे सैल वाटेल, पण चिनी परंपरेत ते पक्के मानले जाते. चार शब्द समोर ठेवले की विषय निम्मा ठरतो. डोंगर, निवांतपणा, परतणे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाची पावसानंतरची सकाळ मला त्यात दिसली.

यानंतर मधल्या दोन जोड्या लिहा, कारण सर्वांत जास्त बंधने तिथे आहेत. आधी हनुवटीची जोडी. साचा तिसऱ्या ओळीला स स स व व, चौथीला व व व स स. माझ्या ओळी अशा झाल्या (प्रत्येक अक्षरापुढे त्याच्या सुराचा आकडा आहे, देवनागरीतला उच्चार जवळपासचा समजावा):

छ्याव-२ थौ-२ न्यू-२ यिंग-३ मान-४
पूल – टोकाशी – बैल – सावली – संथ

शू-४ श्या-४ न्याव-३ शंग-१ श्येन-२
झाड – खाली – पक्षी – आवाज – निवांत

पुलाखाली झाड, ‘टोकाशी’च्या खाली ‘खाली’, बैलाखाली पक्षी, सावलीखाली आवाज, संथच्या खाली निवांत. एका ओळीत डोळ्याला दिसणारे, दुसरीत कानाला ऐकू येणारे. दोन्ही ओळींत क्रियापद नाही. चिनीत ते चालते, आणि या जागी शोभतेही.

चौथ्या ओळीत मी आधी पक्ष्याऐवजी कोंबडी घातली होती. खेड्यातली सकाळ म्हटल्यावर कोंबडी सुचणारच. पण कोंबडी म्हणजे जी-१, सपाट. ती तिसऱ्या जागी ठेवली की ओळीचा शेवट स स स होतो, आणि ओळीच्या शेवटी तीन सपाट अक्षरे सलग येणे हा ल्युशरमधला ठळक दोष मानतात. तिसरी जागा सैल असते असे वर म्हटले, पण व व व स स या साच्यात ती सैल नसते, हे पहिले धोक्याचे ठिकाण. कोंबडी जाऊन पक्षी आला तो एवढ्यासाठी.

आता मानेची जोडी. तिची वाक्यरचना हनुवटीपेक्षा वेगळी ठेवा, नाहीतर चारही ओळी एकाच ठशाच्या वाटतात. वर क्रियापद नव्हते, म्हणून इथे दोन छोटी वाक्ये घेतली:

मू-३ लाव-३ शू-१ यौ-२ जी-४
आई – म्हातारी – पत्र – अजूनही – पाठवते

ज्या-१ याव-२ मंग-४ यी-३ ह्वान-२
घर – दूर – स्वप्न – केव्हाच – परतले

आई थकली तरी पत्रे पाठवतेच आहे. घर दूर आहे, पण स्वप्न केव्हाच तिथे जाऊन पोचले. नाम, विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद अशी पाचही घरे जुळतात आणि सूर व व स स व विरुद्ध स स व व स असे समोरासमोर येतात. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. ‘मू’ आणि ‘लाव’ दोन्ही तिसऱ्या सुराची. बोलताना लागोपाठ दोन तिसरे सूर आले की पहिला दुसऱ्यासारखा चढता ऐकू येतो. साच्यात मात्र तो बदल धरत नाहीत. शब्दकोशात जो सूर दिला असेल तोच मोजायचा.

या जोडीचा माझा पहिला खर्डा वाईट होता आणि तो का वाईट होता हे सांगण्यासारखे आहे. आईच्या ओळीखाली मी लिहिले होते: पालक – थकलेले – चिठ्ठी – पुन्हा – परत येते (छिन-१ श्वाय-१ शिन-४ फू-४ ह्वान-२). सूर तपासा, स स व व स, अचूक. यमक अचूक. शब्दांच्या जातीही जवळपास जुळतात. तरीही ओळ टाकावी लागली, कारण आई आणि पालक एकच, म्हातारी आणि थकलेले एकच, पत्र आणि चिठ्ठी एकच. दुसरी ओळ पहिलीचेच शब्द बदलून बोलते. या दोषाला चिनीत ‘ह-जांग’ म्हणतात, म्हणजे जोडलेले तळहात. दोन हात नमस्कारासारखे जोडले की त्यांच्यात जागाच उरत नाही. समांतर जोडीत दोन हात समोरासमोर हवेत, पण मध्ये काहीतरी धरता येईल इतके लांब. पत्र आईकडून इकडे येते आणि स्वप्न इकडून घराकडे जाते. ही दोन उलट दिशांची ये-जा म्हणजेच त्या दोन हातांमधली जागा. नवशिक्यांच्या कवितेत सुरांच्या चुकांपेक्षा ही चूक मला जास्त दिसते, आणि ती तक्त्याने पकडता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खालची ओळ हाताने झाका आणि स्वतःला विचारा, काही हरवले का? काही हरवले नसेल तर तळहात जोडलेले आहेत.

मधल्या चार ओळी उभ्या राहिल्या की डोके आणि शेपूट सोपे. डोक्याने जागा आणि वेळ सांगायची. साचा व व स स व आणि स स व व स:

ये-४ यू-३ जिन-१ छन-२ जर-३
रात्र – पाऊस – आज – सकाळी – थांबला

खाय-१ मन-२ ज्येन-४ युआन-३ शान-१
उघडून – दार – दिसतो – दूर – डोंगर

या दुसऱ्या ओळीत धोक्याचे दुसरे ठिकाण आहे. मी आधी ‘दार उघडून’ऐवजी ‘दाराबाहेर पडून’ म्हणजे छू-१ मन-२ असे लिहिले होते. आजच्या उच्चाराने छू पहिल्या सुराचा, म्हणून सपाट, आणि ओळ निर्दोष. पण थांगकाळात चार सुरांपैकी एक ‘आत शिरणारा’ सूर होता. त्या सुराच्या अक्षरांच्या शेवटी प, त किंवा क हे बंद व्यंजन असे आणि तो सूर वाकड्या गटात मोडे. मँडरिनमध्ये तो सूर लोपला आणि त्याची अक्षरे चारही सुरांत विखुरली. त्यातली जी पहिल्या-दुसऱ्या सुरात गेली ती आज सपाट दिसतात, पण जुन्या मोजणीत वाकडी असतात. छू त्यांतलेच. तसेच बाय (पांढरा), ग्वो (देश), शर (दहा), जू (बांबू). हाँगकाँगच्या कँटनी बोलीत हे शेवटचे व्यंजन अजून टिकून आहे: तिथे देश ‘ग्वोक’ आणि दहा ‘सप’. म्हणून शंका आली की कँटनी उच्चार पाहावा, ही जुनी आणि उपयोगी युक्ती आहे.

तर जुन्या मोजणीने ती ओळ झाली व स व व स. यमकाचे अक्षर सोडले तर सगळ्या ओळीत एकच सपाट उरले, दोन्ही बाजूंनी वाकड्यांत अडकलेले. याला ‘गूपिंग’, एकटे पडलेले सपाट, म्हणतात आणि परीक्षेत यावरून कविता बाद होत असे. स स व व स या साच्यात पहिले अक्षर सैल सोडायचे नाही, ते यामुळे. (ते वाकडे घेतलेच तर तिसरे अक्षर सपाट करून भरपाई करण्याची सोय आहे, पण पहिल्या कवितेत त्या फंदात पडू नये.)

आज जुन्या सुरांनी लिहावे की नव्या, याबद्दल चीनमध्येही दोन मते आहेत आणि दोन्ही प्रकारे लोक लिहितात. एकाच कवितेत दोन्ही मिसळणे मात्र कुणीच मान्य करत नाही. नवशिक्याने सर्वांत सुरक्षित वाट धरावी: असे ‘आत शिरणारे’ शब्दच टाळावेत. वरच्या आणि खालच्या ओळींत असे एकही अक्षर नाही, म्हणून ही कविता जुन्या मोजणीनेही बसते आणि नव्यानेही.

उरली शेपटाची जोडी. तिने दृश्य सोडून मनाकडे वळायचे. प्रश्न विचारणे ही त्यासाठी चालत आलेली रीत. साचा स स स व व आणि व व व स स:

ह-२ शर-२ थुंग-२ जू-३ फान-४
कोणत्या – वेळी – एकत्र – शिजवू – भात

श्याव-४ ज़्वो-४ ज़ाव-४ येन-१ ज्येन-१
हसत – बसून – चूल – धूर – मध्ये

या दोन ओळी समांतर नाहीत आणि नसाव्यातही. सलग चार समांतर ओळींनंतर एक वाक्य सरळ दोन ओळींतून वाहत गेले की शेवट मोकळा होतो.

पूर्ण कवितेचा मराठीत अर्थ असा: रात्रीचा पाऊस आज सकाळी थांबला, दार उघडले तर दूर डोंगर. पुलाच्या टोकाशी बैलाची संथ सावली, झाडाखाली पाखरांचा निवांत आवाज. आई म्हातारी, तरी पत्र पाठवतेच; घर लांब, पण स्वप्न केव्हाच परतले. पुन्हा कधी एकत्र भात शिजवू, चुलीच्या धुरात हसत बसून?

कविता झाल्यावर तपासणी याच क्रमाने करा. प्रत्येक अक्षराखाली स किंवा व लिहा, तोंडाने नव्हे, शब्दकोश पाहून. मग उभे वाचा: दुसऱ्या अक्षरांचा रकाना व, स, स, व, व, स, स, व असा यायला हवा. तो तसा आला की विरोध आणि चिकटणे दोन्ही बहुतेक जमलेले असतात. मग सम ओळींची शेवटची तीन अक्षरे पाहा, स स व व स साच्यातले पहिले अक्षर पाहा, आणि शेवटी एकच अक्षर कवितेत दोनदा तर आले नाही ना ते पाहा. चाळीसच अक्षरे असल्याने पुनरुक्ती लगेच खुपते. माझ्या एका खर्ड्यात ‘घर’ दोनदा आले होते. शेवटच्या ओळीत घराऐवजी चूल आली आणि ओळ सुधारली.

कुणी तुम्हाला छ्वेइ हाव या थांगकवीचे उदाहरण देईल. त्याच्या ‘पिवळ्या करकोच्याचा मनोरा’ या कवितेच्या पहिल्या चार ओळी सुरांचे नियम मोडतात, आणि तरी ती सर्वोत्तम ल्युशरमध्ये गणली जाते. खरे आहे. पण त्या ओळी त्याने नियम हाताखाली असताना मोडल्या, आणि पुढच्या चार ओळींत तो साच्यात परत येतो. तुम्ही पहिल्या दहा कविता तरी एकही नियम न मोडता लिहा. सुरुवात आजच करायची असेल तर पूर्ण कविता नको. फक्त एक मानेची जोडी लिहा, दहा अक्षरांची, आणि खालची ओळ हाताने झाकून पाहा.